एका डोळ्यासाठी तीन बाटल्या

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या हाती बहुधा एकाहून जास्त औषधे पडतात. उदाहरणार्थ, मॉक्सिफ्लॉक्सासिन हे जंतुरोधक ड्रॉप्स, सूज उतरवणारे प्रेडनिसोलोन ॲसिटेट आणि रात्रीसाठी मलमाची ट्यूब. ती एकापाठोपाठ घातली की काम उरकते, पण औषध डोळ्यात राहत नाही.

बाटलीतून पडणारा थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. खालच्या पापणीच्या खोबणीत फार तर ३० मायक्रोलिटर मावतात, उरलेले गालावर ओघळते. मावलेलेही अश्रूंबरोबर काही मिनिटांत नाकाकडे वाहून जाते. कडू चव घशात लागते ती त्यामुळेच. लगेच दुसरा थेंब टाकला तर तो पहिल्याला धुऊन काढतो. म्हणून दोन ड्रॉप्समध्ये निदान पाच मिनिटे जाऊ द्यावीत. एकाच औषधाचे दोन थेंब एकदम टाकण्यातही फायदा नाही. थेंब घातल्यावर डोळा मिटून, नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे हलकेच दाबला तर औषध जास्त टिकते. काचबिंदूसाठीच्या टिमोलोलच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे, कारण नाकातून रक्तात गेलेले टिमोलोल दम्याच्या रुग्णाला त्रास देऊ शकते.

डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर पातळ औषध आधी आणि दाट नंतर, असा क्रम असतो. सकाळी ८ वाजता पारदर्शक मॉक्सिफ्लॉक्सासिन घालावे. ८ वाजून ५ मिनिटांनी प्रेडनिसोलोनची बाटली नीट हलवून त्याचा थेंब टाकावा. हे औषध पांढरट असते आणि त्याचे कण तळाशी बसतात. न हलवता घातले तर सुरुवातीचे थेंब फिके पडतात आणि शेवटचे फार तीव्र. रात्री ड्रॉप्स झाल्यावर दहा मिनिटांनी मलम लावावे. ते आधी लावले तर त्याचा तेलकट थर पुढच्या थेंबाला आत जाऊ देत नाही.

बाटलीचे टोक पापणीला, केसांना किंवा बोटाला टेकले की तिथले जंतू आत जातात. थेंब सुटल्यावर सैल झालेली बाटली हवेबरोबर टोकावरचा ओलावाही आत ओढते. परिरक्षक जंतूंची वाढ रोखतो, पण त्यालाही मर्यादा आहे. स्युडोमोनाससारखा जीवाणू बुबुळावर जखम करू शकतो आणि नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याला तर धोका अधिक. पारदर्शक ड्रॉप्स गढूळ झाले किंवा त्यात तंतू दिसले तर ते टाकून द्यावेत. मात्र स्वच्छ दिसणारे औषध निर्जंतुक असतेच असे नाही. घरातल्या दोघांनी एकच बाटली वापरणे तर टाळायलाच हवे.

खोक्यावरची मुदत बंद बाटलीची असते. उघडल्यावर बहुतेक ड्रॉप्स चार आठवडेच वापरायचे असतात. काहींची मुदत वेगळी असते, ती लेबलवर पाहावी. ३ मार्चला उघडलेली बाटली ३१ मार्चला संपली असे धरावे, अर्धी भरलेली असली तरी. त्यासाठी उघडल्याची तारीख पेनाने बाटलीवरच लिहावी, कारण खोके पहिल्याच दिवशी कचऱ्यात जाते. परिरक्षक नसलेली एकवेळची छोटी कुपी वापर झाला की लगेच फेकायची. तिचे टोक दुमडून संध्याकाळसाठी ठेवायचे नाही.