ठग पिन विचारतच नाही

‘पिन कुणालाही सांगू नका’ ही सूचना आपल्याला पाठ झाली आहे. पण खोट्या पेमेंट रिक्वेस्टपुढे ती अपुरी पडते. इथे ठग पिन विचारत नाही. आपणच तो आपल्या हाताने टाकतो. त्यामुळे या फसवणुकीवरच्या जनजागृतीच्या व्हिडिओत सगळा भर पिनच्या पानावर हवा. अशी एक संहिता पाहू.

पहिला प्रसंग. सुनंदाताईंनी जुना सोफा आठ हजारांना विकायला काढला आहे. फोन येतो. “ताई, सोफा माझाच समजा. पैसे आत्ताच देतो, टेम्पो संध्याकाळी येईल.” सोफा न बघता, घासाघीस न करता होकार आला, ही पहिली खूण.

दुसरा प्रसंग. व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड येतो. “आधी पाच रुपयांचा स्कॅन करून बघा, म्हणजे तुमची खात्री होईल.” ताई स्कॅन करून पिन टाकतात. खरं तर त्यांचे पाच रुपये जातात, पण ठग लगेच दहा पाठवतो. ‘दहा रुपये जमा’ एवढाच मेसेज ताईंच्या लक्षात राहतो. मग आठ हजारांचा कोड येतो.

इथे चित्र थांबवायचं आणि मोबाइलचं पान मोठं करून दाखवायचं. पानावर पैसे घेणाऱ्याचं, म्हणजे ठगाचं नाव आहे. सोबत ताईंच्या बँकेचं नाव आणि पिनचे रिकामे चौकोन. पैसे कुठून कुठे चालले आहेत, ते बाणाने दाखवायचं. त्याच चौकटीत सूचना हव्यात:

❌ पैसे घ्यायचे असताना कोड स्कॅन करू नका, पिन टाकू नका.
❌ फोन चालू ठेवून, समोरच्याच्या सांगण्यावरून बटणं दाबू नका.
✅ आपला मोबाइल नंबर किंवा यूपीआय आयडी द्या; पैसे येण्यासाठी तेवढं पुरतं.
✅ खात्यात रक्कम जमा झालेली स्वतः पाहा, मगच वस्तू द्या.

शिल्लक पाहतानाही पिन लागतो, म्हणून ‘पिन म्हणजे फसवणूक’ असं सांगू नये. नेमका नियम असा: पैसे घेताना पिन कधीच लागत नाही.

संहिता आजच्या काळाचीही हवी. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैसे मागण्याची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ची सोय ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली आहे. काही कंपन्यांच्या रिक्वेस्ट मात्र अजून येऊ शकतात आणि क्यूआर कोडची युक्तीही शिल्लक आहे.

शेवटच्या चौकटीत 1930 हा क्रमांक आणि cybercrime.gov.in हा पत्ता ठळक असावा. पैसे गेले तर ताबडतोब 1930 ला आणि बँकेला फोन करावा, व्यवहार क्रमांक हाताशी ठेवावा. ठग रक्कम भराभर दुसऱ्या खात्यांत वळवतो. ती बाहेर काढली जाण्याआधी तक्रार पोहोचली, तरच अडवता येते.