सोने, चांदी आणि सारख्याच मापाचा घन

एकाच मापाच्या दोन विटा घ्या, एक चांदीची, दुसरी सोन्याची. चांदीची वीट एक किलोची असेल, तर सोन्याची १ किलो ८४० ग्रॅम भरते. सोन्याचे अणू जास्त दाटीवाटीने बसत असावेत, असं कुणालाही वाटेल. पण तसं नाही. दोन्ही धातूंत अणूंची मांडणी एकच, आणि त्यांच्यातलं अंतरही जवळपास सारखंच. फरक आहे तो एकेका अणूच्या वजनाचा. म्हणूनच धातूची घनता आणि त्याच्या स्फटिकाचं माप हाती असलं, की अणुभार काढता येतो.

धातूत अणू ठरावीक क्रमाने रचलेले असतात. त्या रचनेचा जो लहानात लहान तुकडा पुन्हापुन्हा मांडून सगळा स्फटिक तयार होतो, तो एकक कोष. चांदीचा कोष घनाकृती असतो. त्याच्या आठही कोपऱ्यांवर एकेक अणू आणि सहा बाजूंच्या मधोमध एकेक, म्हणजे दिसायला चौदा अणू. पण कोपऱ्यावरचा अणू शेजारच्या आठ घनांत विभागलेला असतो आणि बाजूवरचा दोन घनांत. त्यामुळे एका घनाच्या वाट्याला कोपऱ्यांचे मिळून एक आणि बाजूंचे मिळून तीन, असे चारच अणू येतात. या रचनेला फलककेंद्रित घन म्हणतात. लोखंडात मात्र साध्या तापमानाला घनाच्या पोटात एक अणू असतो, बाजूंवर एकही नसतो. तिथे हिशेब दोनच अणूंचा.

आता चांदीचा आकडा काढू. घनता मोजायची रीत जुनीच आहे: तुकडा आधी हवेत तोलायचा, मग पाण्यात बुडवून. ५२.४५ ग्रॅमचा तुकडा पाण्यात ५ ग्रॅमने हलका भरला, तर घनता दर घन सेंटिमीटरला १०.४९ ग्रॅम. कोषाची कड क्ष-किरणांनी मोजतात. ती ४०८.६ पिकोमीटर, म्हणजे ४.०८६ × १०⁻⁸ सेंटिमीटर येते. तिचा घन केला की कोषाचं आकारमान मिळतं: ६.८२ × १०⁻²³ घन सेंटिमीटर. याला घनतेने गुणलं की कोषाचं वस्तुमान ७.१६ × १०⁻²² ग्रॅम. ते चार अणूंचं. एका अणूचं १.७९ × १०⁻²² ग्रॅम. याला अॅव्होगॅड्रो संख्येने, ६.०२२ × १०²³ ने, गुणलं की १०७.७ येतात. तक्त्यात चांदीचा अणुभार १०७.९ आहे. सोन्याची कड ४०७.८ पिकोमीटर आणि घनता १९.३, त्याच वाटेने गेलं तर १९७ मिळतात.

परीक्षेत रचनेचा प्रकार आयताच दिलेला असतो. प्रयोगशाळेत तो आधी ओळखावा लागतो, आणि खरी गोम तिथेच आहे. चार अणूंऐवजी दोन धरले, तर चांदीचा अणुभार एकदम दुप्पट, २१५ येईल. ही चूक क्ष-किरणांच्या आलेखातच पकडता येते. चांदीच्या पहिल्या दोन रेषांचे कोन निम्मे करून त्यांच्या साइनचे वर्ग काढा. त्यांचं गुणोत्तर तीनास चार निघालं, तर रचना फलककेंद्रित. लोखंडासारखी रचना असती, तर ते एकास दोन निघालं असतं.

कडेच्या मोजणीत हलगर्जी करून चालत नाही, कारण कडेचा घन घ्यायचा असतो. तिथली एक टक्क्याची चूक अणुभारात तीन टक्के होऊन उतरते. चांदीची कड एक टक्का जास्त मोजली गेली, तर उत्तर १११ येतं आणि आपण कॅडमियमच्या (११२.४) दारात जाऊन उभे राहतो. घनतेची चूक तिप्पट होत नाही, पण ती सहसा एकाच दिशेची असते: ओतीव तुकड्यात बारीक पोकळ्या राहिल्या, तर घनता कमी भरते आणि अणुभारही कमीच येतो.

या पद्धतीला सगळ्यात सफाईने फसवतं ते सोन्या-चांदीचंच मिश्रण. दोन्ही धातू एकमेकांत पूर्ण मिसळतात. अणूंचा आकार सारखा असल्याने कड जवळपास तशीच राहते आणि रेषाही फलककेंद्रित रचनेच्याच दिसतात. दोन्हींचे अणू निम्मे-निम्मे असतील, तर घनता सुमारे १५ भरते. सूत्रातून अणुभार निघतो तो १५२च्या आसपास, म्हणजे दोघांची सरासरी. तक्त्यात तिथे युरोपियम बसलेला आहे. पण युरोपियमची घनता जेमतेम ५.२, आणि त्याच्या कोषात अणू दोनच.