आधी मोठे, मग लहान : कमीत कमी खोक्यांत सामान बसवण्याची रीत

एकाच मापाची खोकी आहेत आणि प्रत्येकात १० किलोपर्यंतच वजन भरता येते. भरायचे नग मात्र वेगवेगळ्या वजनांचे आहेत. कोणताही नग फोडायचा नाही आणि खोकी लागतील तितकी कमी वापरायची. गणितात हा प्रश्न ‘बिन पॅकिंग’ या नावाने ओळखला जातो. नग आठ-दहा असले तर कागदावर आकडेमोड करून उत्तर मिळते. नगांची संख्या वाढली की ते कसे विभागायचे याचे पर्याय झपाट्याने वाढतात. सगळे पर्याय तपासणे संगणकालाही आवाक्याबाहेरचे होते. दरवेळी हमखास सर्वोत्तम उत्तर देणारी आणि तरीही वेगवान अशी रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. त्यामुळे व्यवहारात सोपी, झटपट आणि फारशी न चुकणारी रीत वापरतात. ‘फर्स्ट फिट डिक्रीजिंग’ ही त्यांतली सर्वांत परिचित रीत.

तिच्या पायऱ्या दोनच. आधी सगळे नग वजनाच्या उतरत्या क्रमाने लावायचे, सर्वांत जड पहिला. मग एकेक नग उचलून पहिल्या खोक्यापासून पाहत जायचे आणि ज्या पहिल्या खोक्यात तो मावेल त्यात ठेवायचा. कुठेच मावला नाही तर नवे खोके उघडायचे. एकदा ठेवलेला नग पुन्हा हलवायचा नाही.

एक उदाहरण घेऊ. नग ज्या क्रमाने हाती आले त्या क्रमाने त्यांची वजने ४, २, ३, ५, ६, ५, ८ आणि ७ किलो आहेत. क्रम न बदलता भरायला घेतले तर ४, २ आणि ३ किलोचे नग पहिल्या खोक्यात जातात आणि त्यात एक किलोची जागा उरते. ५ किलोचे दोन्ही नग दुसऱ्यात जमतात. ६ किलोच्या नगाला तिसरे खोके लागते, ८ किलोच्या नगाला चौथे आणि ७ किलोच्या नगाला पाचवे. शेवटची तिन्ही खोकी अर्धवट राहतात, कारण त्यांच्या फटी बुजवू शकणारे लहान नग आधीच पहिल्या खोक्यात एकत्र बसले आहेत.

आता तेच नग उतरत्या क्रमाने घेऊ : ८, ७, ६, ५, ५, ४, ३, २. पहिल्या तिन्ही नगांना एकेक खोके मिळते आणि ५ किलोची जोडी चौथ्यात बसते. ४ किलोचा नग ८ आणि ७ किलोच्या खोक्यांत मावत नाही, ६ किलोच्या खोक्यात नेमका बसतो. ३ किलोचा नग ७ च्या जोडीला जातो आणि २ किलोचा ८ च्या. चारही खोकी काठोकाठ भरतात. एकूण वजन ४० किलो असल्याने चाराहून कमी खोक्यांत ते मावणे शक्यच नव्हते.

या रीतीचे मर्म त्या उतरत्या क्रमात आहे. खोक्याच्या निम्म्याहून जड असलेले दोन नग एकत्र राहूच शकत नाहीत, म्हणून अशा प्रत्येक नगाला स्वतंत्र खोके द्यावेच लागते. ती खोकी आधीच उघडली की मागून येणाऱ्या लहान नगांना रिकाम्या जागा तयार मिळतात. लहान नग कुठेही सामावतो. मोठ्याला उशिरा जागा शोधू गेले तर ती सापडत नाही.

तरीही ही रीत प्रत्येक वेळी सर्वोत्तम उत्तर देत नाही. १० किलोच्याच खोक्यांसाठी ४, ४, ३, ३, ३ आणि ३ किलोचे सहा नग घ्या. रीतीप्रमाणे दोन्ही चौके पहिल्या खोक्यात जातात आणि २ किलोची जागा वाया जाते. तीन तिके दुसऱ्यात बसतात, तिथे १ किलोची जागा उरते. शेवटच्या तिक्याला तिसरे खोके लागते. प्रत्यक्षात एक चौका आणि दोन तिके अशी वाटणी केली असती तर दोनच खोकी पुरली असती. दोन चौके वेगळे ठेवण्यात फायदा आहे, हे पुढचे नग पाहिल्याशिवाय कळत नाही आणि ही रीत पुढचे पाहत नाही.

ती जास्तीत जास्त किती चुकेल, हे मात्र सिद्ध झालेले आहे. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड जॉन्सन यांनी १९७३ मध्ये एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात दाखवले की, या रीतीला लागणारी खोकी सर्वोत्तम संख्येच्या ११/९ पटीहून फार पुढे जात नाहीत. वर फक्त एक लहानशी ठरावीक भर पडते. ती भर नेमकी किती, हे ठरायला अनेक वर्षे लागली. हंगेरीचे गणितज्ञ ग्यॉर्गी डोशा यांनी २००७ मध्ये ती ६/९ असल्याचे सिद्ध केले. म्हणजे जे सामान ९० खोक्यांत बसू शकते, त्याला ही रीत फार तर ११० खोकी वापरेल. हे सर्वांत वाईट परिस्थितीचे माप आहे.

आपले उत्तर सर्वोत्तम आहे की नाही, हे पडताळण्याची एक साधी खूण आहे. सर्व नगांच्या वजनांची बेरीज करून तिला एका खोक्याच्या क्षमतेने भागायचे आणि अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक घ्यायचा. त्याहून कमी खोक्यांत काम होणे अशक्यच. रीतीने दिलेला आकडा तितकाच असेल तर शोध तिथेच थांबवावा. एखादे खोके जास्त लागले असेल तर जवळजवळ रिकाम्या खोक्यातले नग इतरत्र अदलाबदलीने बसतात का, ते हाताने पाहावे. सहा नगांच्या उदाहरणात बेरीज २० येते, म्हणजे किमान दोन खोकी; तीन दिसताच शंका यायला हवी. ही पडताळणी फक्त वजनाची आहे. लांबी, रुंदी आणि उंचीही आड येत असेल तर बेरीज जमूनही नग मावणार नाही.

या रीतीचे सर्वांत चकित करणारे वागणे अमेरिकी गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहम यांच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या उदाहरणात दिसते. खोक्याची क्षमता ५२४ आणि नग ३३. सर्वांत जड नग ४४२ चा, त्याखालोखाल २५२ चे सात, आणि पुढे उतरत उतरत ९ च्या दोन नगांपर्यंत. सगळ्यांची बेरीज ३,६६८, म्हणजे नेमकी सात खोक्यांची. रीत वापरली की सातही खोकी तंतोतंत भरतात. आता त्यांतला ४६ चा एक नग काढून टाका आणि नव्याने भरा. आठ खोकी लागतात!

कारण बारकाईने पाहण्यासारखे आहे. ४६ चा नग ४४२ च्या शेजारी बसत होता आणि मागे ३६ ची जागा ठेवत होता. तीत १२ चे तीन नग नेमके मावत. तो नसला की ३७ चे दोन नग तिथे शिरतात आणि ८ ची फट उरते. मग १२ चे नग २५२ च्या जोड्यांकडे वळतात. तिथली २० ची जागा १० च्या दोन नगांसाठी योग्य होती. आता तिथेही ८ ची फट राहते. असा धक्का पुढे पुढे सरकत शेवटच्या ९ च्या एकट्या नगाला आठवे खोके उघडावे लागते.

म्हणून यादीतला एखादा नग ऐनवेळी रद्द झाला तर सगळी मांडणी नव्याने करण्याची गरज नाही. जुन्या मांडणीतून तेवढा नग उचलावा आणि बाकीचे आहे तिथेच ठेवावेत. सात खोकी तेव्हाही पुरतात.