साठाव्या सेकंदाचा रंग

गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात रक्तदाब थोडा वर गेला, की काही डॉक्टर घरच्या घरी लघवीतले प्रोटीन बघायला सांगतात. औषधांच्या दुकानातून पट्ट्यांची डबी आणली जाते, पट्टी लघवीत बुडवली जाते आणि तिचा फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्टरांकडे जातो. प्रोटीनचा चौकोन पिवळा राहिला तर प्रोटीन आढळले नाही, हिरवट झाला तर आढळले. सगळा निर्णय पिवळ्या आणि फिक्या हिरव्यातल्या फरकावर अवलंबून, आणि तेवढा फरक खोलीतला दिवासुद्धा पाडू शकतो.

बऱ्याच पट्ट्यांच्या या चौकोनात टेट्राब्रोमोफिनॉल ब्लू हे रंगद्रव्य असते. सोबतचे क्षार चौकोनातली आम्लता एका पातळीवर धरून ठेवतात, आणि त्या पातळीला हे रंगद्रव्य पिवळे असते. लघवीतले अल्ब्युमिन हे प्रोटीन त्याला चिकटले की आम्लता तीच राहूनही रंग हिरव्याकडे आणि पुढे निळ्याकडे वळतो. डबीवरच्या तक्त्यात ‘ट्रेस’च्या पुढची पायरी ‘१+’. ती साधारणपणे डेसीलिटरला ३० मिलिग्रॅम प्रोटीन दाखवते. या दोन पायऱ्यांचे रंग शेजारी ठेवले तरी डोळ्याला पटकन वेगळे वाटत नाहीत.

आता हा फोटो रात्री पिवळ्या दिव्याखाली काढला असे समजू. अशा उजेडात तांबडा भाग भरपूर असतो आणि निळा कमी. हिरवट चौकोनावरून परत येणाऱ्या प्रकाशातही मग तांबडे वाढते, आणि तो पिवळा वाटू लागतो. फोनचा कॅमेरा यात स्वतःची भर घालतो. समोरच्या दृश्यात एकच रंग जास्त दिसला, की उजेडच त्या रंगाचा आहे असा त्याचा समज होऊ शकतो आणि तो सगळा फोटो उलट्या दिशेला ढकलतो. लाल टेबलक्लॉथवर ठेवलेल्या पट्टीचा पिवळा चौकोन अशा वेळी हिरवट झळकतो. म्हणजे एकीकडे असलेले प्रोटीन लपते, दुसरीकडे नसलेले दिसते.

यावरचा उपाय पट्टीजवळच असतो. फोटोत तिच्या शेजारी साधा पांढरा कागद ठेवला, की उजेड किती बिघडलेला आहे ते मोजता येते. उदाहरणादाखल आकडे घेऊ. कागदाचे लाल, हिरवे, निळे अंक २४०, २००, १४० आले, आणि चौकोनाचे १९०, १७०, ८०. नुसता चौकोन पाहिला तर लाल हिरव्यापेक्षा जास्त, म्हणून तो नारिंगीकडे झुकलेला पिवळा वाटेल. पण प्रत्येक अंकाला कागदाच्या अंकाने भागले तर ०.७९, ०.८५ आणि ०.५७ मिळतात. हिरवे लालाच्या वर गेले. चौकोन खरे तर हिरवट आहे. हा हिशेब ढोबळ आहे, आणि कागदाचा एखादा अंक कमाल मर्यादेला, म्हणजे २५५ला टेकला असेल तर तोही निरुपयोगी, कारण तिथली माहिती कॅमेऱ्याने गमावलेली असते. ओल्या चौकोनावर चमक पडली किंवा अर्ध्या पट्टीवर हाताची सावली आली, तर पांढरा कागदही मदत करत नाही. पट्टी आणि कागद दोघांवर सारखाच उजेड हवा. दिवसा खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, फ्लॅश बंद ठेवून काढलेला फोटो म्हणूनच बरा.

वेळेची गडबड मात्र कुठल्याच कागदाने सुधारत नाही. अनेक चौकोनांच्या पट्टीवर प्रत्येकाची वेळ वेगळी असते: एका प्रचलित पट्टीत ग्लुकोज ३० सेकंदांनी, प्रोटीन ६० सेकंदांनी आणि पांढऱ्या पेशी २ मिनिटांनी वाचायच्या. ग्लुकोजच्या चौकोनात एन्झाइमची साखळी चालू असते. उशीर केला तर रंग गडद होत जातो आणि साखर आहे त्याहून जास्त वाटते. पांढऱ्या पेशींची अभिक्रिया सावकाश, त्यामुळे मिनिटाभरात बघितले तर संसर्ग निसटू शकतो. पट्टी पडून राहिली की ती वाळते, शेजारच्या चौकोनांतली रसायने एकमेकांत उतरतात. त्या प्रचलित पट्टीचे माहितीपत्रक २ मिनिटांनंतरचे रंगबदल धरू नका असे स्पष्ट सांगते. एकच फोटो तिन्ही चौकोनांसाठी चालणार नाही, हे यातूनच आले.

आणि फोटोत रंग दिसतो, सेकंद दिसत नाहीत. दहा मिनिटांनी काढलेला फोटो डॉक्टरांना साठाव्या सेकंदाच्या फोटोसारखाच वाटेल. म्हणून पट्टी बुडवतानाच फोनवर व्हिडिओ सुरू करावा, चौकटीत पांढरा कागद आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ ठेवावे, म्हणजे हवा तो क्षण नंतर थांबवून पाहता येतो. डबीवरच्या तक्त्याशी ताडून पाहायचे तर तेही तिथेच, त्याच उजेडात, डोळ्यांनी. फोनच्या पडद्यावरचा चौकोन हातातल्या तक्त्याशी जुळवू नये.

एवढे करूनही पट्टीचा आवाका लहानच राहतो. पाणी खूप प्यायल्याने लघवी पातळ झाली, तर प्रोटीन असूनही चौकोन पिवळा राहू शकतो. लघवी फार अल्कलीयुक्त असेल तर प्रोटीन नसतानाही हिरवा होतो. ‘१+’ आले तर प्रयोगशाळेत लघवीतले प्रोटीन आणि क्रिएटिनिन यांचे प्रमाण तपासून घ्यावे लागते. आणि गर्भवतीला तीव्र डोकेदुखी होत असेल, डोळ्यांसमोर अंधारी येत असेल किंवा बरगडीखाली दुखत असेल, तर चौकोन पिवळा असो की हिरवा, तिला त्याच वेळी रुग्णालयात न्यावे.