कॉलेबल रोख्याचे परिणामकारक ड्युरेशन : व्याजदरातील समांतर बदलानंतरच्या किमतींवरून अनुमान

प्रस्तावना

व्याजदर वाढले की रोख्याची किंमत घटते आणि व्याजदर घटले की ती वाढते. हा बदल किती होईल याचे माप म्हणून ‘ड्युरेशन’ ही संकल्पना वापरली जाते. साध्या रोख्याच्या बाबतीत व्याजाचे हप्ते आणि मुद्दल कोणत्या तारखेला मिळणार हे निश्चित असते. त्यामुळे सुधारित ड्युरेशन सूत्राने थेट काढता येते. कॉलेबल रोख्याची स्थिती वेगळी असते. येथे जारीकर्त्याला मुदतीपूर्वी ठरावीक किमतीस रोखा परत घेण्याचा हक्क असतो आणि व्याजदर उतरले की तो हक्क वापरणे त्याच्या फायद्याचे ठरते. म्हणजेच व्याजदर बदलला की रकमा मिळण्याच्या तारखाही बदलतात. रकमा स्थिर आहेत असे गृहीत धरणारे सूत्र अशा वेळी दिशाभूल करते. त्यावर उपाय म्हणून वापरल्या जाणाऱ्या परिणामकारक ड्युरेशनची गणना आणि तिच्यातील धोक्याच्या जागा प्रस्तुत लेखात एका काल्पनिक उदाहरणाच्या आधारे स्पष्ट केल्या आहेत.

सूत्र आणि त्यामागील पद्धती

परिणामकारक ड्युरेशन = (दर घटल्यानंतरची किंमत − दर वाढल्यानंतरची किंमत) ÷ (२ × मूळ किंमत × दरातील बदल)

सूत्र सोपे आहे. खरे काम त्यातील तीन किमती मिळवण्याचे आहे. त्यासाठी प्रथम भावी व्याजदरांचा द्विपदी वृक्ष तयार करतात. वृक्षाच्या प्रत्येक टोकावर रोख्याचे मूल्य शेवटच्या वर्षाकडून मागे येत काढले जाते. ज्या टोकावर ते मूल्य परतफेडीच्या किमतीपेक्षा अधिक येते, तेथे जारीकर्ता रोखा परत घेईल असे मानून परतफेडीची किंमतच धरली जाते. त्यानंतर सर्व दर समान प्रमाणात वर आणि खाली सरकवून हीच संपूर्ण प्रक्रिया पुन्हा केली जाते. परतफेडीचा निर्णय प्रत्येक वेळी नव्याने तपासणे हा या पद्धतीचा गाभा होय.

उदाहरण

दर्शनी किंमत १०० रुपये, वार्षिक व्याज ८ रुपये आणि मुदत ३ वर्षे असलेला एक रोखा घेऊ. पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस, त्या वर्षाचे व्याज दिल्यानंतर, तो १०० रुपयांना परत घेण्याचा हक्क जारीकर्त्याला आहे. आजचा एक वर्षाचा दर ७.५ टक्के आहे. एका वर्षानंतर तो ९ किंवा ६ टक्के होईल. दोन वर्षांनंतर तो १०.५, ७.५ किंवा ४.५ टक्के असेल. प्रत्येक टप्प्यावर वर आणि खाली जाण्याची शक्यता समान मानली आहे.

दुसऱ्या वर्षाअखेर १०.५ टक्के दराच्या टोकावर मूल्य १०८ ÷ १.१०५ = ९७.७४ रुपये येते. ७.५ टक्क्यांच्या टोकावर ते १००.४७ आणि ४.५ टक्क्यांच्या टोकावर १०३.३५ येते. शेवटच्या दोन्ही टोकांवर रोखा परत घेतला जाईल, म्हणून तेथे १०० धरावे लागतात. पहिल्या वर्षाअखेर ९ टक्के दरावर ९७.७४ आणि १०० यांची सरासरी घेऊन तीत ८ मिळवले आणि १.०९ ने भागले की ९८.०४ मिळतात. ६ टक्क्यांवर मूल्य १०१.८९ होते, म्हणून तेथेही १०० धरावे लागतात. याच रीतीने आजची किंमत ९९.५६ रुपये निघते. परतफेडीचा हक्क नसता तर हाच रोखा १०१.३७ रुपयांचा ठरला असता. दोहोंतील १.८१ रुपयांचा फरक म्हणजे जारीकर्त्याच्या हक्काचे मूल्य होय.

आता वृक्षावरील सर्व दर १ टक्क्याने वाढवून व घटवून मिळणाऱ्या किमती पुढीलप्रमाणे आहेत.

| | दर १% कमी | मूळ दर | दर १% जास्त | ड्युरेशन |
|---|---|---|---|---|
| साधा रोखा | १०४.०५ | १०१.३७ | ९८.७९ | २.५९ |
| कॉलेबल रोखा | १०१.११ | ९९.५६ | ९७.९५ | १.५९ |

कॉलेबल रोख्यासाठी (१०१.११ − ९७.९५) ÷ (२ × ९९.५६ × ०.०१) = १.५९. दर घटल्यावर त्याची किंमत १.५५ रुपयांनी वाढते, तर दर वाढल्यावर १.६१ रुपयांनी घटते. लाभ लहान आणि तोटा मोठा या स्थितीस ऋण बहिर्वक्रता म्हणतात. साध्या रोख्याच्या बाबतीत नेमके उलट घडते. तेथे लाभ २.६८ रुपयांचा तर तोटा २.५८ रुपयांचा आहे.

चुकीच्या मापाची किंमत

हाच कॉलेबल रोखा मुदतीअखेरपर्यंत टिकेल असे मानल्यास त्याचा परतावा सुमारे ८.१७ टक्के आणि सुधारित ड्युरेशन २.५७ निघते. समजा, एखाद्या बँकेकडे १० कोटी रुपये बाजारमूल्याचे असे रोखे आहेत आणि २.५७ हे माप धरून तिने व्याजदर वायद्यात संरक्षण घेतले आहे. दर १ टक्क्याने उतरल्यास वायद्यात सुमारे २५.७ लाख रुपयांचा तोटा होईल, परंतु रोख्यांवरील लाभ केवळ १५.६ लाखांचा असेल. धोका टाळण्यासाठी केलेल्या व्यवहारातूनच सुमारे १० लाख रुपयांचे नुकसान उद्भवेल. त्यामागे बाजाराचा अंदाज चुकलेला नसून मापच चुकीचे निवडलेले असेल.

गणनेतील दक्षता

पहिला प्रश्न दरातील बदल किती घ्यावा हा आहे. वरील उदाहरणात १ टक्क्याऐवजी ०.२५ टक्के बदल घेतला तर किमती ९९.९४० आणि ९९.१७४ येतात आणि ड्युरेशन १.५४ निघते. या दोन किमतींची सरासरी ९९.५५७ आहे, म्हणजे मूळ ९९.५५६ पेक्षा किंचित अधिक. त्यामुळे ऋण बहिर्वक्रता दिसेनाशी होते. याचे कारण वृक्षातच आहे. दुसऱ्या वर्षाच्या मधल्या टोकावरील निर्णय दर ८ टक्क्यांच्या वर गेल्यावरच बदलतो, म्हणजे त्यासाठी अर्ध्या टक्क्याहून अधिक वाढ लागते. लहान बदल त्या सीमेपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून बदलाचे दोन-तीन आकार घेऊन उत्तरांची तुलना करावी. ती एकमेकांपासून दूर जात असतील तर वृक्षाचे टप्पे अपुरे आहेत असे समजून ते वाढवावेत.

दुसरा मुद्दा बाजारभावाचा. वृक्षातून निघालेली किंमत बाजारभावाशी जुळत नसल्यास सर्व दरांत एक समान अधिभार मिळवून ती आधी जुळवावी लागते. हा पर्याय-समायोजित अधिभार होय. दर वर-खाली करताना तो स्थिर ठेवावा, अन्यथा व्याजदराचा परिणाम आणि पतजोखमीचा परिणाम एकमेकांत मिसळतात. तसेच प्रत्यक्ष व्यवहारात संपूर्ण उत्पन्नवक्र सरकवून त्यावरून वृक्ष पुन्हा बसवला जातो. येथे सुलभतेसाठी टोकांवरील दरच थेट सरकवले आहेत.

तिसरा मुद्दा रोख्याच्या अटींचा. भारत सरकारने १८ जुलै २००२ रोजी जारी केलेल्या ६.७२ टक्के, २०१२ या दहा वर्षांच्या रोख्यात जारीकर्त्याच्या कॉल हक्काबरोबर गुंतवणूकदाराचा पुट हक्कही होता. पाच वर्षे पूर्ण झाल्यानंतरच्या व्याज-तारखांना हे हक्क वापरता येणार होते. अशा रोख्याच्या वृक्षात पहिल्या पाच वर्षांच्या आतील टोकांवर कोणताही निर्णय तपासायचा नसतो. त्यानंतरच्या व्याज-तारखांना मात्र मूल्याला वरून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी मर्यादा घालावी लागते.

निष्कर्ष

परिणामकारक ड्युरेशन हे दोन पुनर्मूल्यांकनांतून निघालेले अनुमान आहे. ते दरातील बदलाचा आकार, वृक्षाची रचना आणि जारीकर्ता केवळ आर्थिक लाभ पाहून निर्णय घेईल हे गृहीतक यांवर अवलंबून असते. अल्प व दीर्घ मुदतीचे दर वेगवेगळ्या प्रमाणात हलले तर हे माप अपुरे ठरते. म्हणून कॉलेबल रोख्याचे ड्युरेशन नोंदवताना त्यासोबत दरबदलाचा आकार आणि वर-खालच्या दोन्ही किमती नोंदवणे आवश्यक आहे. लाभ आणि तोटा यांतील असमतोल त्या दोन किमतींतच दिसतो, ड्युरेशनच्या एका आकड्यात तो दिसत नाही.