गप्प पडलेली आजी

खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी आजी गप्प, गुंगीत. घरच्यांना वाटलं, आराम पडला. इथेच फसगत होते. आरडाओरडा करणारा पेशंट निदान लक्षात तरी येतो. सिस्टरनी ४एटी चाचणी घेतली. गुंगीचे ४ गुण. वय, जन्मतारीख, ठिकाण, साल बरोबर म्हणून शून्य. डिसेंबरपासून उलटे महिने तीनच आले, त्याचा १. कालपासून अचानक बदल, त्याचे ४. एकूण ९. चार किंवा जास्त म्हणजे डिलिरियमची शंका.

मग सिस्टरची यादी: ऑक्सिजन, साखर, ताप, वेदना, लघवी तुंबली का, पोट साफ आहे का, नवं औषध कोणतं, चष्मा लावलाय का? आजींची लघवी तुंबली होती.

मुलाला त्या म्हणाल्या, "दादा, हे वेड नाही. बहुतेकदा उतरतं, काहींना आठवडे लागतात. वाद घालू नका, हात बांधू नका. दिवस, जागा सांगत राहा."