हृदयातला पांढरा ठिपका

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट येतो. डोकं, पाठीचा कणा, हृदय, किडन्या, हातपाय, सगळ्यांपुढे नॉर्मल लिहिलेलं असतं. आणि खाली एक ओळ असते: हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात ‘इकोजेनिक फोकस’. ‘बाळाच्या हृदयात काहीतरी आहे’ एवढंच घरी पोचतं आणि त्या रात्री कुणाला झोप लागत नाही. ही झोप बहुतेक वेळा उगाच गेलेली असते. म्हणून त्या ओळीचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

ॲनोमली स्कॅन साधारण १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान करतात, कारण तोवर अवयवांची घडण दिसण्याइतकी मोठी झालेली असते. डॉक्टर डोक्यातल्या पाण्याच्या पोकळ्या मोजतात, त्या १० मिलिमीटरपेक्षा कमी असाव्या लागतात. मग वरचा ओठ दुभंगलेला नाही ना, कणा खालपर्यंत बंद आहे ना, जठर छातीत सरकलेलं नाही ना, पोटाची भिंत पूर्ण आहे ना, हे पाहतात. सर्वांत जास्त वेळ हृदयाला लागतो. चार कप्पे दिसले म्हणून काम संपत नाही. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या एकमेकींना ओलांडून जाताना दिसाव्या लागतात, नाहीतर त्यांची अदलाबदल झालेली असूनही चार कप्पे छान दिसू शकतात. शेवटी वार, गर्भजल आणि गर्भाशयाच्या मुखाची लांबी.

एवढं बघूनही बरंच काही निसटतं, आणि त्यात दर वेळी डॉक्टरांची चूक असतेच असं नाही. हृदयाच्या पडद्यातलं बारीक छिद्र किंवा फक्त टाळूला असलेली फट सहज दिसत नाही. जन्मानंतर बंद होणारा हृदयातला एक मार्ग पोटात सगळ्याच बाळांमध्ये उघडा असतो, त्यामुळे तो पुढे बंद होईल की नाही हे आधी सांगता येत नाही. काही दोष नंतरच प्रकट होतात. वाढ खुंटवणाऱ्या एका हाडांच्या विकारात मांडीचं हाड विसाव्या आठवड्यात बहुधा नॉर्मल लांबीचं असतं, ते मागे पडतं नंतर. ऐकू येणं, बुद्धी, स्वमग्नता यांविषयी हे यंत्र काहीच सांगू शकत नाही. आणि गुणसूत्रं तर मुळीच दिसत नाहीत. डाउन सिंड्रोम असलेल्या अनेक बाळांची सोनोग्राफी अगदी स्वच्छ येते.

सॉफ्ट मार्करचा विषय इथूनच सुरू होतो. हा आजार नव्हे, व्यंगही नव्हे. निरोगी बाळांत दिसणारी, पण गुणसूत्रांचा दोष असलेल्या बाळांत थोडी अधिक आढळणारी ती खूण असते. आपला पांढरा ठिपका म्हणजे हृदयातल्या एका छोट्या स्नायूवर साचलेले कॅल्शियमचे कण. तो हाडाइतका चकचकीत दिसला तरच मोजायचा. शंभरातल्या चार-पाच निरोगी बाळांत तो सापडतो, आशियाई स्त्रियांच्या गर्भांत त्याहूनही जास्त. त्याने रक्तप्रवाह अडत नाही की हृदय दुबळं होत नाही.

एक उदाहरण घेऊ. २८ वर्षांची स्त्री, बाराव्या आठवड्यात मानेमागची पारदर्शक जागा मोजून डबल मार्कर झालेला, धोका २४०० मध्ये एक. आता विसाव्या आठवड्यात फक्त हा ठिपका दिसला. प्रत्येक मार्करचा एक गुणक असतो आणि आधीच्या धोक्याला त्याने गुणायचं असतं. एकट्या ठिपक्याचा गुणक जवळपास एक आहे, म्हणजे धोका २४०० मध्ये एकच राहतो. पुढे काही करायची गरज नाही. याच स्त्रीच्या बाळाचं नाकाचं हाड दिसलं नसतं, तर गुणक साधारण साडेसहा झाला असता आणि धोका ३६५ मध्ये एकावर आला असता. मग रक्तातून होणारी एनआयपीटी किंवा गर्भजल तपासणी यांवर बोलणं योग्य ठरतं. गर्भजल तपासणीत सुईमुळे गर्भपाताची शक्यता हजारात एक ते तीनच्या घरात असते, पण पक्कं उत्तर तीच देते. एनआयपीटी हीसुद्धा चाळणीच आहे.

पालकांना सांगताना काही डॉक्टर ‘सॉफ्ट मार्कर आहे, बघू’ म्हणून सोडून देतात. मला हे अन्यायाचं वाटतं. आधीचा धोका किती होता, मार्कर एकटा आहे की सोबत आणखी काही आहे आणि आता आकडा कुठे आला, हे तीनही त्याच भेटीत सांगायला हवं. बाराव्या आठवड्यात काहीच तपासणी झाली नसेल, तर ठिपक्याने घाबरण्यापेक्षा ती राहिलेली तपासणी आता करून घेणं महत्त्वाचं.

वेळेचंही भान हवं. गर्भजल तपासणीचा पूर्ण अहवाल यायला दोन-तीन आठवडे जाऊ शकतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असल्यास दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो, त्यापुढे वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. म्हणून स्कॅनची तारीख विसाव्या आठवड्यापलीकडे ढकलू नये.